व्हिडिओवर पट्टे का येतात?

आमच्या डिपार्टमेंटचे एक सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या लेक्चरला वर्ग खच्चून भरला होता आणि शूटिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. फोन ट्रायपॉडवर, माइक सरांच्या कॉलरला, सगळी तयारी चोख. घरी येऊन लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि पोटात गोळाच आला. सरांच्या चेहऱ्यावरून, मागच्या पांढऱ्या भिंतीवरून काळपट आडवे पट्टे सरकत होते. चाळीस मिनिटं, एकसारखे. ते लेक्चर काही परत होणार नव्हतं.

तुम्हीही गॅदरिंगची प्रॅक्टिस किंवा एकांकिकेची तालीम शूट करताना हे पट्टे पाहिले असतील. बरेच जण फोनला शिव्या घालून मोकळे होतात. फोनचा यात फारसा दोष नसतो. चूक माझी होती. एका अमेरिकन यूट्यूबरचा व्हिडिओ बघून मी शटर स्पीड १/६० ठेवला होता. त्याच्या घरी तो बरोबरच होता, आपल्याकडे नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह एका सेकंदात ५० वेळा पूर्ण मागेपुढे होतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा शून्यावर येतो, म्हणून चोक असलेली जुनी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथले दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात. सगळा घोळ या फरकात आहे.

आता शटर स्पीडकडे या. जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुठूनही बसा, वरून, खालून किंवा मधून. बरोबर दोन फेऱ्या पूर्ण केल्या, तर प्रत्येक जण तितकाच वेळ वर आणि तितकाच वेळ खाली असतो. पण पावणेदोन फेऱ्यांत उतरवलं तर? कुणाच्या वाट्याला वरचा भाग जास्त येतो, कुणाच्या वाट्याला खालचा. दिव्याची एक फेरी आपल्याकडे १/१०० सेकंदाची. शटर १/५० असेल तर दोन पूर्ण फेऱ्या मिळतात, १/१०० असेल तर एक. १/६० मध्ये मात्र मिळते एक पूर्ण आणि दुसरीची दोन तृतीयांश. ती अर्धवट फेरी प्रखर भागात सापडली तर चित्र उजळ येतं, मंद भागात सापडली तर काळपट.

मग सगळी फ्रेम एकदम काळी का होत नाही, पट्टेच का? कारण फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. समजा सगळ्या ओळी वाचायला १/५० सेकंद लागला, तर तेवढ्यात दिवा दोनदा मंद होतो आणि फ्रेममध्ये दोन काळपट पट्टे उमटतात. फ्रेम रेट ३० असेल तर दोन फ्रेममध्ये दिव्याच्या तीन फेऱ्या आणि वर एक तृतीयांश फेरी होते. त्यामुळे पुढच्या फ्रेममध्ये पट्ट्याची जागा बदलते आणि तो हलताना दिसतो. फ्रेम रेट २५ ठेवला, तर दोन फ्रेममध्ये नेमक्या चार फेऱ्या बसतात. मग पट्टा जवळजवळ जागेवरच थांबतो, पण जात नाही. म्हणजे नुसता फ्रेम रेट बदलून भागत नाही, पट्टे घालवतो तो शटर स्पीड.

शूटला गेलात की आधी दोन मिनिटं काढा. फोन प्रो मोडमध्ये टाका. तुमच्या फोनच्या व्हिडिओत तो नसेल तर मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा ॲप घ्या. पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा आणि शटर १/१००० करा. चित्र काळोखं होईल, होऊ द्या, हवं तर आयएसओ वाढवा. भिंतीवर ठळक पट्टे दिसले तर दिवा लुकलुकतोय. अजिबात दिसले नाहीत तर दिवा स्थिर आहे. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब आणि चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी बहुतेक वेळा असे निघतात, तिथे शटर कितीही ठेवा.

पट्टे दिसले तर शटर १/५० वर आणून लॉक करा. ऑटोवर सोडलंत आणि कुणी खिडकी उघडली, तर फोन स्वतःच शटर वाढवेल आणि पट्टे परत येतील. १/५० वर चित्र फार उजळ होत असेल तर आयएसओ कमी करा. तरीही उजळच असेल तर १/१०० वर जा. फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र बहुधा लहानमोठं करता येत नाही, त्यामुळे याहून जास्त प्रकाश असेल तर लेन्सवर एनडी फिल्टर लावणं हाच उपाय. शटर १/२०० करायचा मोह मात्र टाळा, कारण त्यात दिव्याची अर्धीच फेरी येते.

फ्रेम रेट २४, २५ किंवा ३० असेल तर १/५० चालतं. ६० फ्रेमला मात्र चालत नाही, कारण एका फ्रेमच्या वाट्याला १/६० सेकंदच येतो. तिथे १/१०० हाच पर्याय. आणि १२० किंवा २४० फ्रेमचा स्लो मोशन? तिथे एका फ्रेमला दिव्याची एक फेरीसुद्धा पुरी मिळत नाही. अशा वेळी सेटिंगशी झटापट न करता खिडकीपाशी किंवा बाहेर उन्हात जा. सूर्य लुकलुकत नाही.

कधी कधी १/५० ठेवूनही पट्टे हटत नाहीत. बहुतेकदा दोषी असतो डिमर. एलईडी मंद करताना अनेक डिमर तो झपाझप चालू-बंद करतात आणि त्या वेगाचा ५० हर्ट्झशी संबंध नसतो. असा दिवा पूर्ण प्रखर करून बघा, पट्टे बहुधा जातात. प्रकाश जास्त वाटला तर दिवा लांब न्या. दुसरी शक्यता जनरेटरची. त्याची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० वर राहीलच असं नाही, त्यामुळे फिकट पट्टे उरू शकतात.

वेबकॅमवरून ऑनलाइन इंटरव्ह्यू देताना चेहऱ्यावर असेच पट्टे आले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Anti-flicker किंवा Power line frequency असा पर्याय शोधा. तिथे ६० असेल तर ५० करा.

माझ्या व्हिडिओचं पुढे काय झालं? डिफ्लिकर प्लगइन वापरून पाहिलं. भिंतीवरचे पट्टे थोडे फिके झाले, पण सरांचा चेहरा जिथे जिथे हलत होता तिथे चित्र विचित्र दिसू लागलं. शेवटी मूळ व्हिडिओच सगळ्यांना पाठवला. आवाज छान आलाय, म्हणून आम्ही तो आता डोळे मिटून ऐकतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी भिंतीकडे एकदा १/१००० ने बघून घ्या.