k बदलला की रँक कुठे घसरते?

kx + y + z = 1
x + ky + z = 1
x + y + kz = 1

तीन समीकरणे, तीन अज्ञाते. k च्या बहुतेक किमतींना त्यांची एकच उकल मिळते, पण काही मोजक्या किमतींना मात्र हे गणित बिघडते. त्या किमती शोधायच्या तर सहगुणकांच्या मॅट्रिक्सची रँक पाहावी लागते.

k 1 1
1 k 1
1 1 k

दहावीच्या बीजगणितात दोन ओळींचा निश्चयक येतो: ad − bc. मॅट्रिक्समधल्या काही ओळी आणि तितकेच स्तंभ निवडले, तर त्यांच्या छेदातल्या संख्यांचा निश्चयक म्हणजे मायनर. 1850 मध्ये जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी मॅट्रिक्सकडे पाहिले तेच मुळी असे निश्चयक निवडून काढण्याची मांडणी म्हणून. शून्य नसलेला सर्वांत मोठा मायनर जितक्या ओळींचा, तितकी त्या मॅट्रिक्सची रँक.

शोध वरून सुरू करावा. येथे तीन ओळींचा मायनर एकच आहे, पूर्ण मॅट्रिक्सचा निश्चयक: k³ − 3k + 2, म्हणजेच (k − 1)²(k + 2). तो फक्त k = 1 आणि k = −2 या किमतींना शून्य होतो. इतर प्रत्येक किमतीला रँक 3.

k = −2 घेतल्यावर एक पायरी खाली उतरायचे. पहिल्या दोन ओळी आणि शेवटचे दोन स्तंभ यांचा मायनर 1 − k, म्हणजे 3. एक शून्येतर मायनर सापडला की पुरे, रँक 2. तिन्ही समीकरणांची बेरीज केली तर 0 = 3 असे येते, म्हणजे उकलच नाही.

k = 1 ला सगळ्या जागी 1 येतो. दोन ओळींचे नऊही मायनर शून्य, म्हणून रँक 1. तिन्ही समीकरणे आता एकच आहेत आणि उकली अगणित.

विद्यार्थी चुकतात ते एका मायनरवरून निकाल देताना. डाव्या वरच्या कोपऱ्यातला मायनर k² − 1 आहे. k = −1 ला तो शून्य होतो, तरी पूर्ण निश्चयक 4 असल्याने रँक 3 च राहते. रँक 2 पेक्षा कमी म्हणायची तर दोन ओळींचा एकूण एक मायनर शून्य हवा.

ओळींवर क्रिया करून रँक काढतानाही सावध राहावे लागते. पहिल्या ओळीला k ने भागले, तर k = 0 वेगळे तपासावे लागते, जरी तिथे निश्चयक 2 आहे आणि काहीच बिघडलेले नाही. उलट k − 1 ने न तपासता भागले, तर k = 1 हा खरा अपवाद हातून निसटतो. मायनर काढताना कशानेच भागावे लागत नाही.

पण ही रीत लहान मॅट्रिक्सपुरतीच सोयीची. 10 ओळी आणि 10 स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये पाच ओळींचे मायनरच 63,504 असतात. तिथे k च्या अपवादात्मक किमती निश्चयकावरून शोधून, त्या प्रत्येकीपुरती ओळींवरची क्रिया करणे सोपे पडते.