पगार, शिक्षण आणि मान : पंचेचाळीस व्यवसायांचे एक गणित

"शिक्षण सारखेच धरले, तर पगारात इतका फरक पडतो", "उत्पन्नाचा परिणाम वगळला, तरी शाळेचा परिणाम उरतोच" अशी वाक्ये वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो. हे "सारखे धरणे" कुणी प्रत्यक्ष करून पाहिलेले नसते. ते गणिताने केलेले असते आणि त्या गणिताचे नाव आहे लिनिअर रिग्रेशन. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला समाश्रयण म्हणतात, पण मी रिग्रेशनच म्हणणार आहे. हे गणित कसे चालते आणि त्याच्या उत्तरावर कितपत भिस्त ठेवावी, हे एका जुन्या, छोट्या आणि खऱ्या उदाहरणावरून पाहू.

उदाहरण अमेरिकेतले आहे. समाजशास्त्रज्ञ ओटिस डडली डंकन यांना प्रत्येक व्यवसायाची सामाजिक पत मोजायची होती. १९४७ साली झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत लोकांना निरनिराळ्या व्यवसायांबद्दल मत विचारले होते, पण जनगणनेत नोंदलेल्या व्यवसायांपैकी थोडेच त्या पाहणीत होते. उरलेल्यांचे काय करायचे? डंकन यांनी असे ठरवले, की ज्यांची माहिती आहे त्या व्यवसायांवरून एक सूत्र बसवायचे आणि ते बाकीच्यांना लावायचे. हे काम १९६१ साली प्रसिद्ध झाले.

त्या तक्त्यात ४५ व्यवसाय आहेत आणि प्रत्येकापुढे तीन आकडे आहेत. पहिला उत्पन्नाचा : त्या व्यवसायातल्या पुरुषांपैकी किती टक्क्यांना वर्षाला ३,५०० डॉलर किंवा अधिक मिळत. दुसरा शिक्षणाचा : त्यांतले किती टक्के हायस्कूल पूर्ण केलेले होते. हे दोन्ही १९५० च्या जनगणनेतले. तिसरा मानाचा : पाहणीतल्या किती टक्के लोकांनी त्या व्यवसायाला "चांगला" किंवा "उत्तम" म्हटले. आपल्या घरोघरच्या लाडक्या व्यवसायांचे आकडे सांगतो. डॉक्टर : उत्पन्न ७६, शिक्षण ९७, मान ९७. इंजिनियर : ७२, ८६, ८८. (नऊ गुणांनी मागे आहोत खरे, पण चालायचेच!)

एक रेषा, मग दोन कारणे

आधी फक्त उत्पन्न घेऊ. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर मान, असे ४५ ठिपके मांडले की ते डावीकडून उजवीकडे चढत जाताना दिसतात. त्यांच्यामधून एक सरळ रेषा अशी काढायची, की प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर घेऊन त्याचा वर्ग केला, तर त्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. साधे रिग्रेशन ते एवढेच. उत्तर येते :

मान = २.४६ + १.०८ × उत्पन्न

१.०८ हा सहगुणक. त्याचा अर्थ असा, की ज्या दोन व्यवसायांच्या उत्पन्नाच्या आकड्यात १० चा फरक आहे, त्यांच्या मानात सरासरीने सुमारे ११ चा फरक आढळतो. "पगार वाढवला तर मान वाढेल" असे हा आकडा म्हणत नाही. तो वेगवेगळ्या व्यवसायांची तुलना आहे, एकाच माणसाच्या आयुष्यातली गोष्ट नाही.

आता शिक्षणही सूत्रात घेऊ. रेषेऐवजी आता कलते प्रतल बसते, पण वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची कल्पना तीच :

मान = −६.०६ + ०.६० × उत्पन्न + ०.५५ × शिक्षण

उत्पन्नाचा सहगुणक १.०८ वरून ०.६० वर आला. बाकीचा गेला कुठे? हिशेब अगदी चोख लागतो. या ४५ व्यवसायांत उत्पन्न १ ने जास्त असेल, तर शिक्षण सरासरीने ०.८८ ने जास्त असते. शिक्षणाचा सहगुणक ०.५५. दोहोंचा गुणाकार ०.४८, आणि ०.६० + ०.४८ = १.०८. पहिल्या सूत्रात शिक्षणाला जागाच नव्हती, म्हणून त्याचे श्रेय उत्पन्नाच्या खात्यात जमा झाले होते. दुसऱ्या सूत्रातला ०.६० म्हणजे शिक्षण सारखे असलेल्या व्यवसायांत उत्पन्नामुळे दिसणारा फरक. वर्तमानपत्रातले "सारखे धरले तर" ते हेच.

सुरुवातीच्या −६.०६ मध्ये अर्थ शोधू नये. उत्पन्न शून्य आणि शिक्षणही शून्य असा व्यवसाय तक्त्यात नाही, आणि मान शून्याखाली जाऊही शकत नाही. प्रतल जागेवर बसवायला लागणारा तो आकडा आहे.

हे सूत्र मानातल्या चढउताराचा ८३ टक्के भाग पकडते. शिवाय ०.६० आणि ०.५५ जवळपास सारखे आहेत आणि दोन्ही मोजमापे टक्क्यांतच आहेत. म्हणजे "समाज पैशाला आणि शिक्षणाला सारखाच मान देतो" असे छान वाक्य तयार झाले. मथळा होण्याइतके छान! पण ते छापण्याआधी थोडे थांबावे लागेल.

उरलेल्या फरकांकडे पाहणे

सूत्राने सांगितलेला मान आणि खरा मान यांतला फरक म्हणजे शेष. गृहीतके तपासायची ती या शेषांवरून. सूत्राने सांगितलेला मान आडव्या अक्षावर आणि शेष उभ्या अक्षावर मांडावेत. ठिपक्यांना कमानीचा आकार आला, तर संबंध सरळ रेषेचा नाही. एका बाजूला पंख्यासारखे पसरले, तर सूत्राची चूक सगळीकडे सारखी नाही आणि सहगुणकांपुढे छापलेले त्रुटीचे आकडे फसवे आहेत. या तक्त्यात कमान किंवा पंखा असे ठळक काही दिसत नाही. शेष साधारणपणे १३ गुणांच्या आसपासचे आहेत. पण दोन शेष फार मोठे आहेत.

पहिला वार्ताहराचा. उत्पन्न ६७, शिक्षण ८७. सूत्र म्हणते मान ८१ च्या आसपास असावा, लोकांनी दिला ५२. दुसरा शेष मिनिस्टरचा. हे आपले मंत्री नव्हेत, चर्चमधले धर्मोपदेशक. उत्पन्न अवघे २१, शिक्षण ८४. सूत्र म्हणते ५२, लोकांनी दिला ८७.

दोघांच्याही बाबतीत सूत्र तीसेक गुणांनी चुकले, पण दोघांचे वजन सारखे नाही. वार्ताहर गर्दीत उभा आहे. त्याच्यासारखे चांगले उत्पन्न आणि चांगले शिक्षण असलेले बरेच व्यवसाय तक्त्यात आहेत आणि ते प्रतलाला जागेवर धरून ठेवतात. धर्मोपदेशक मात्र एकटा आहे. बहुतेक व्यवसायांत उत्पन्न आणि शिक्षण दोन्ही जास्त किंवा दोन्ही कमी असतात. याचे शिक्षण जास्त आणि उत्पन्न कमी. फळीवरच्या झोपाळ्यात मध्यावर बसलेला माणूस जड असला तरी फळी फारशी हलत नाही, टोकाला बसलेले पोर मात्र ती कलंडवू शकते. धर्मोपदेशक टोकाला बसला आहे.

समोरच्या टोकाला आगगाडीचा कंडक्टर आहे : उत्पन्न ७६, शिक्षण ३४, मान ३८. सूत्राच्या अंदाजे त्याला ५८ मिळायला हवे होते. त्याच्या शेजारी इंजिन ड्रायव्हर : उत्पन्न ८१, शिक्षण २८, मान ६७. तो टोकाला असला तरी त्याचा शेष ९ च आहे, म्हणून तो फळी फारशी वाकवत नाही.

ही ओढ मोजायला एक माप आहे. आर. डेनिस कुक यांनी ते १९७७ साली मांडले, म्हणून त्याला कुकचे अंतर म्हणतात. एखादी ओळ काढून टाकली तर सगळे सूत्र किती हलेल, हे ते एका आकड्यात सांगते. इथे धर्मोपदेशकाचे ०.५७, कंडक्टरचे ०.२२ आणि वार्ताहराचे ०.१० येते. किती आकडा म्हणजे धोका, अशी रेघ मारण्यापेक्षा बाकीच्यांपासून कोण तुटून उभा आहे ते पाहावे.

दोन ओळी काढल्यावर

आता धर्मोपदेशक आणि कंडक्टर वगळून उरलेल्या ४३ व्यवसायांवर तेच गणित करू. `R` या मोफत संगणकप्रणालीत हा तक्ता तयार मिळतो, त्यामुळे कुणालाही घरी करून पाहता येईल :

```
library(carData)
m <- lm(prestige ~ income + education, data = Duncan)
plot(fitted(m), resid(m))
cooks.distance(m)
drop <- c("minister", "conductor")
m2 <- update(m, subset = !(rownames(Duncan) %in% drop))
summary(m2)
```

उत्तर येते :

मान = −६.४१ + ०.८७ × उत्पन्न + ०.३३ × शिक्षण

पंचेचाळीसपैकी दोन ओळी गेल्या आणि "सारखाच मान" हे वाक्य गेले. आता उत्पन्नाचे वजन शिक्षणाच्या अडीचपटीहून जास्त दिसते. हा बदल किरकोळ नाही. पहिल्या सूत्रात उत्पन्नाच्या सहगुणकाची प्रमाणित त्रुटी ०.१२ होती आणि सहगुणक हलला ०.२७ ने.

असे का झाले? उत्पन्न आणि शिक्षण बहुतेक ठिकाणी जोडीने चालतात. जोडीने चालणाऱ्या दोघांपैकी काम कुणी केले, हे जिथे जोडी फुटते तिथेच कळते. अशा ओळी या तक्त्यात फार थोड्या आहेत. धर्मोपदेशक म्हणतो, "उत्पन्न नसले तरी मान मिळतो." कंडक्टर म्हणतो, "उत्पन्न असूनही मान मिळत नाही." दोघांची साक्ष उत्पन्नाच्या विरुद्ध. बाकीचे ४३ जण या प्रश्नावर बरेचसे मुके आहेत. ८३ टक्क्यांच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. दोन ओळी काढल्यावर तो ८८ होतो, म्हणजे दोन्ही सूत्रे तितकीच रुबाबदार!

मग कुठले उत्तर खरे धरायचे? या दोन ओळी चुकीने लिहिलेल्या नाहीत, म्हणून त्या गुपचूप गाळणे अप्रामाणिकपणा ठरेल. आधी आकडे मुळाशी ताडून पाहावेत, मग त्या ओळी वेगळ्या का आहेत याचा विचार करावा. धर्मोपदेशकाला मिळणाऱ्या मानात धर्माविषयीचा आदर असणे साहजिक आहे, आणि तो पगार व शाळा या दोन मापांत मावत नाही. म्हणजे सूत्रात एखादे तिसरे कारण राहून गेले असावे. शेवटी दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापावीत आणि कुणाला वगळल्याने काय बदलले ते सांगावे.

बाकी, प्रश्न कोणता आहे यावरही बरेच अवलंबून आहे. डंकन यांना न विचारलेल्या व्यवसायांचा अंदाज हवा होता. ज्या व्यवसायांत उत्पन्न आणि शिक्षण जोडीने चालते, तिथे दोन्ही सूत्रे जवळपास सारखाच अंदाज देतात. इंजिनियरला पहिले ८४ देते, दुसरे ८५. अंदाजासाठी सूत्र टिकते. "पैसा मोठा की शिक्षण?" या प्रश्नाचे पक्के उत्तर मात्र या ४५ ओळींत नाही. आणि जे काही आहे ते १९४७ च्या अमेरिकेतल्या मतांचे आणि पुरुषांच्या उत्पन्नाचे, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "अमुक सारखे धरले तर" असे वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : ते सारखे नसूनही दुसरे सारखे असलेली, म्हणजे जोडी फुटलेली, माणसे त्या पाहणीत किती होती? दोन-चारच असतील, तर तो निष्कर्ष त्या दोन-चार जणांचा आहे.