पाहणीच्या आकड्यांसाठी आलेखाची निवड

शाळा तपासावयास आलेल्या अधिकाऱ्यास भिंतीवरील आलेख वाचण्यास क्षणभरच अवधी मिळतो. समजा, शाळेत अनियमित येणाऱ्या ४० मुलांची पाहणी करून प्रत्येकाचे एकच मुख्य कारण नोंदविले : घरकाम १४, शेतीकाम १२, आजारपण ८, लांबचे अंतर ६. याचा वृत्तालेख काढल्यास पहिले दोन भाग १२६ व १०८ अंशांचे होतात. त्यांतील मोठा कोणता, हे चटकन उमगत नाही. कारण कोनापेक्षा लांबीची तुलना डोळा अधिक अचूक करतो.

म्हणून येथे आडवा स्तंभालेख घ्यावा. एका सेंटिमीटरास दोन मुले धरल्यास ७, ६, ४ व ३ सेंटिमीटरांचे स्तंभ होतात. ते उतरत्या क्रमाने मांडावेत. डावीकडे कारण व टोकाशी संख्या लिहावी. मोजपट्टी शून्यापासूनच सुरू करावी. ती पाचापासून धरल्यास घरकामाचा स्तंभ अंतराच्या स्तंभाच्या नऊपट दिसेल. वस्तुतः ते प्रमाण सव्वादोनपटीहून किंचितच अधिक आहे.

पालकांनी एकाहून अधिक कारणे सांगितली असल्यास उत्तरांची बेरीज ४० च्या वर जाते. तेव्हा पूर्ण वर्तुळ म्हणजे सर्व मुले, हा अर्थच उरत नाही. स्तंभालेख मात्र तेथेही खरा राहतो.