गोधडीत साठणारा ऑक्सिजन

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण लागलेली आग भडकवतो. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो. कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवून नाकातली नळी गोधडीवर टाकली, की कापडात तो साठत जातो. मग उदबत्तीची ठिणगीही गोधडी भडकवायला पुरते. म्हणून नळी काढताच यंत्र बंद करावे. समई, शेगडी, विडी किमान 10 फूट दूर हवी.

सिलिंडरला तेलाचाही धोका असतो. व्हॉल्व्ह उघडताच प्रचंड दाबाचा ऑक्सिजन तेलकट रेग्युलेटरवर आदळला, तर ज्योत नसतानाही पेट घेतो. घट्ट बसलेल्या चावीला दोन थेंब तेल सोडण्याची घरगुती सवय इथे जीवघेणी ठरते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.