जाहिरातीतलं वेतन, हातातला पगार

मे-जून आला की जाहिराती सुरू होतात: ‘सहशिक्षक पाहिजे, बी.एस्सी. बी.एड., विज्ञान-गणित, वेतन शासकीय नियमानुसार’. बहुतेक उमेदवार पात्रतेची ओळ नीट वाचतात आणि शेवटचे तीन शब्द गृहीत धरतात. खरी गोम तिथेच असते.

आधी पात्रतेचं पाहू. महाराष्ट्रात पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी लागते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. दीडशेपैकी 90 गुण मिळाले की खुल्या प्रवर्गातला उमेदवार उत्तीर्ण. नववी-दहावीला टीईटीची अट नाही. अनुदानित शाळेतली जागा मात्र पवित्र पोर्टलवरून भरली जाते, आणि तिथे ‘टेट’ म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे 200 पैकी गुण मोजले जातात. त्यात पास-नापास नसतं, गुणवत्ता यादी लागते. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, हे बी.एड. झालेल्यांनाही पुष्कळदा कळत नाही. अल्पसंख्याक संस्था सोडून कुठली अनुदानित शाळा ‘पोर्टल वगैरे नंतर बघू, आधी रुजू व्हा’ असं म्हणत असेल, तर तिथून निघावं.

समजा, तुम्हाला अनुदानित माध्यमिक शाळेत जागा मिळाली. पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक असता आणि मानधन दरमहा 18,000 रुपये असतं. 2023 पासूनचा हा आकडा आहे. प्राथमिकला 16,000, उच्च माध्यमिकला 20,000. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते, बी.एड. पदवीधराचं मूळ वेतन 38,600 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. म्हणजे जाहिरातीतल्या ‘नियमानुसार’चा पहिल्या दिवशीचा अर्थ 18,000 एवढाच.

पण हे 18,000 तरी येतात कुठून? शासनाकडून, आणि तेही कागद पूर्ण असले तर. पद संचमान्यतेत मंजूर हवं. बिंदुनामावलीत ते तुमच्या प्रवर्गाचं हवं. तुमच्या नावाने शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता हवी. मग शालार्थ प्रणालीत नाव चढतं आणि पगार सुरू होतो. यातला एक दुवा तुटला की वर्षानुवर्षं ‘मान्यता येईल’ ऐकत बसावं लागतं. 2025 मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीला आलं. पैसे मोजून नोकरी ‘घेणाऱ्याच्या’ हातात असला कागद कितपत टिकतो, हे त्यातून दिसलं. म्हणून मुलाखतीतच विचारावं, पद मंजूर आहे का, संचमान्यतेची प्रत दाखवता का? टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

विनाअनुदानित शाळेत शासनाचा पैसा नसतो, कायदा मात्र असतो. 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे आणि वेतन-भत्ते नियमांप्रमाणेच द्यावे असं तो सांगतो. व्यवहारात काय होतं? बँक खात्यात 18,000 जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातून निरोप येतो, ‘सर, तेवढे सहा हजार देऊन जा’. काही संस्था तर कोऱ्या धनादेशावर आधीच सही घेतात. पासबुक स्वच्छ, शिक्षकाच्या हातात बारा. अशी अट असते का, हे तिथून नुकत्याच सोडून गेलेल्या शिक्षकाला विचारावं. सध्याचा शिक्षक संस्थाचालकांच्या धाकाने बोलत नाही.

दुसरी युक्ती नेमणूक आदेशात असते. जागा कायमची रिकामी असली तरी आदेशात ‘11 महिन्यांसाठी तात्पुरती’ असं लिहायचं, मेमध्ये सेवाखंड द्यायचा आणि जूनमध्ये नवा आदेश काढायचा. असं झालं की परिवीक्षा पूर्ण होत नाही आणि कायम होण्याचा हक्कही लांबतो. आदेशात जागा कशामुळे रिकामी झाली तेच आधी वाचावं: निवृत्तीमुळे की कुणाच्या रजेमुळे. रजेची जागा असेल तर तात्पुरती नेमणूक खरोखरच योग्य आहे. निवृत्तीची असेल तर नाही.

महाविद्यालयातली कथा निराळी वाटते, पण चाल तीच. सहायक प्राध्यापकासाठी सेट किंवा नेट, मूळ वेतन 57,700. प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला येते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक. सुट्टी आली की पैसे बंद.

तक्रार कुठे करायची, हेही आधीच माहीत असावं. कामावरून काढलं किंवा पदावनत केलं, तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं. पगार कमी दिला ही तक्रार तिथली नव्हे. ती शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करायची. त्यासाठी नेमणूक आदेशाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी. ती ‘फाईलला लावायला’ म्हणून परत मागतील, तेव्हा झेरॉक्स द्यावी.