नाव बदलून पाहा

‘अत्यंत प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ, कामात चोख...’ माजी कर्मचाऱ्याचं शिफारसपत्र बहुधा असंच सुरू होतं आणि पानभर तसंच चालतं. नव्या मालकाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून पत्र आखडताना एक सोपी चाचणी लावावी: नाव बदलूनही जे वाक्य दुसऱ्या कुणाला तंतोतंत लागू पडतं, ते काढून टाकावं.

समजा, एका छोट्या कारखान्यात चार वर्षं स्टोअर सांभाळलेल्या मुलीचं पत्र आहे. कौतुकाच्या सहा-सात ओळी गाळून मालक लिहितो: ‘सुट्या भागांची नोंद वहीत होत असे. तिने ती एक्सेलमध्ये आणली आणि दर शनिवारी प्रत्यक्ष मोजणी सुरू केली. पूर्वी तपासणीत ४० च्या आसपास नग जुळत नसत. वर्षभरात ते ५ वर आले. एकदा चुकीची नोंद झाली, तेव्हा कुणाच्या लक्षात येण्याआधी तिनेच येऊन सांगितलं.’

‘प्रामाणिक’ हा शब्द यात कुठेच नाही, पण तो गुण दिसतो.

असे दोन प्रसंग पुरतात, आणि ते नव्या कामाशी जुळणारे हवेत. विक्रीची नोकरी असेल तर मोजणीपेक्षा ती पुरवठादारांशी कशी बोलली, हे अधिक उपयोगी. आकडा मात्र जुन्या नोंदींतून पडताळून घ्यावा, शक्यतो तिलाच विचारून. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो. पद, कालावधी आणि लिहिणाऱ्याचा तिच्या कामाशी असलेला संबंध पहिल्याच वाक्यात यावा.