‘बघू अजून थोडं’चं पत्र कसं होतं?

“पोरगा चांगलाय, पण टायमिंगचं काही खरं नाही. रोज लेट. जीआरएन लटकवून ठेवतो. घरी काहीतरी लफडं चालू असावं. बघू अजून थोडं.” खाली एक अंगठा.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात स्टोअर इनचार्ज एचआरला असा व्हॉट्सॲप मेसेज पाठवतो आणि त्याच्या लेखी विषय संपतो. एचआरचं काम मात्र तिथून सुरू होतं. आपण एक नमुना घेऊ. स्टोअरमधला सहायक १ जानेवारी २०२५ रोजी रुजू झाला. नेमणूकपत्रात सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे आणि कंपनी ते आणखी तीन महिने वाढवू शकते, असं कलम आहे. म्हणजे ३० जूनच्या आत काहीतरी कागदावर यायला हवं.

आधी मेसेजची वाक्यं सुटी करायची. ‘घरी लफडं’ ही ऐकीव गोष्ट, कामाशी संबंध नाही. ती तिथेच सोडायची. ‘चांगलाय’ हे मत, त्यावरून पत्रात काहीच लिहिता येत नाही. उरल्या दोन गोष्टी, उशीर आणि जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची पावती-नोंद. त्या मोजता येतात.

मोजायला घेतल्या की गंमत होते. पंचिंगची नोंद काढली तर ‘रोज लेट’ म्हणजे मे महिन्यात सात दिवस निघाले. त्यातले तीन दिवस कंपनीची बसच उशिरा पोचली होती! उरले चार. जीआरएनची तक्रार मात्र खरी ठरली: एप्रिल-मेमध्ये आलेल्या ४१ मालांपैकी १४ नोंदी दुसऱ्या दिवसानंतर झाल्या होत्या, आणि त्यामुळे पुरवठादारांची बिलं अकाउंट्समध्ये अडकली होती. इनचार्जला ज्याचा राग होता तो मुद्दा किरकोळ निघाला, आणि ज्याचा त्याने जाता जाता उल्लेख केला तोच पत्राचा गाभा झाला.

आता ‘बघू अजून थोडं’. पत्रात ‘थोडं’ चालत नाही. इनचार्जला फोन करून सरळ विचारायचं: कायम करायचं की मुदत वाढवायची? वाढवायची तर किती, आणि काय दिसलं म्हणजे तुम्ही कायम कराल? उत्तर मिळाल्यावर २७ जूनचं पत्र असं उतरतं:

“आपला परिवीक्षा कालावधी दि. ३० जून २०२५ रोजी संपत आहे. एप्रिल व मे महिन्यांत आपल्याकडील ४१ पैकी १४ जीआरएन विहित वेळेनंतर नोंदवले गेले. नेमणूकपत्रातील तरतुदीनुसार आपला परिवीक्षा कालावधी दि. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ असा वाढविण्यात येत आहे. या काळात माल आल्याच्या दिवशीच जीआरएन नोंदवणे अपेक्षित आहे. दर महिनाअखेरीस आपल्या कामाचा आढावा घेण्यात येईल. नेमणूकपत्रातील इतर अटी कायम राहतील.”

बस. ‘निष्काळजी’ नाही, ‘बेजबाबदार’ नाही. असे शब्द किती महागात पडतात, हे १९९९ च्या एका निकालात दिसतं. कोलकात्यातल्या एका संशोधन संस्थेने परिवीक्षेवरच्या कर्मचाऱ्याला सेवेतून कमी केलं. पत्र वरवर साधं होतं, पण त्यात आधीच्या पत्रांचा उल्लेख होता आणि त्या पत्रांत कलंक लागेल असा मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने तो संबंध जोडला आणि ती कारवाई रद्द केली. निकाल सरकारी चौकटीतला आहे, खासगी कंपनीला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तरीही “व्हॉट्सॲपवर कळवल्याप्रमाणे” असं पत्रात लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. सगळं चॅट मग पत्राच्या शेपटीला बांधलं जातं.

तारखेचंही तसंच. पंजाबातल्या शिक्षण खात्याच्या १९६८ मधल्या धरमसिंग खटल्यात नियमांनी परिवीक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षं ठरवली होती. ती उलटूनही नोकरी चालू राहिली, तेव्हा न्यायालयाने कर्मचाऱ्यांना कायम झालेले मानलं. अशी कमाल मर्यादा घातलेली नसेल तर नुसतं काम चालू राहिल्याने कोणी सहसा आपोआप कायम होत नाही. म्हणूनच मसुदा करताना नेमणूकपत्र शेजारी उघडं हवं. आपल्या नमुन्यात वाढ तीनच महिन्यांची आहे; सप्टेंबरअखेरीस पुन्हा ‘बघू’ म्हणायला जागा नाही.

कायम करण्याचं पत्र सोपं वाटतं, पण तिथे कौतुक नडतं. “एकदम भारी काम करतोय, पगारही वाढवू” असा मेसेज आला की कित्येक जण दोन्ही वाक्यं शुद्ध मराठीत करून पत्रात टाकतात. दुसरं तर थेट आश्वासन झालं. तिथे कोणत्या तारखेपासून कायम, पदनाम, आणि नोटीस कालावधी बदलत असेल तर नवा आकडा, एवढंच पुरतं.

पत्राची एक प्रत सही घेऊन फाइलला लागते. ती देताना इनचार्जने समोर बसावं आणि ४१ व १४ हे आकडे स्वतः सांगावेत. बसचा विषय तो मुलगा बहुधा स्वतःच काढेल.